वडिलांची जुनी पेटी विकायची आहे: योग्य किंमत कशी ठरवावी?

स्वाती_कुडाळ

सर्वांना नमस्कार. माझे वडील गावातल्या भजनात तीस वर्षे पेटी वाजवत असत. मागच्या वर्षी ते गेले आणि घरात आता वाजवणारे कुणीच नाही, म्हणून त्यांची पेटी वाजवणाऱ्या माणसाच्या हाती जावी अशी आईची इच्छा आहे. पेटी 2009 साली घेतलेली असून तेव्हाची पावती 16,500 रुपयांची आहे. साडेतीन सप्तकांची, खर्ज आणि नर अशा दुहेरी सुरांची, कपलर असलेली ही पेटी आहे आणि सोबत लाकडी खोकेही आहे. शेजारच्या वाडीतले भजन मंडळ 12,000 रुपये द्यायला तयार आहे. माझे दीर म्हणतात की 35,000 च्या खाली देऊ नकोस. मला ना मंडळाला लुटायचे आहे, ना वडिलांची वस्तू मातीमोल करायची आहे. हिशेब नेमका कुठून सुरू करावा, हे कुणी समजावून सांगेल का?

जुनी_पेटी

स्वातीताई, घाई अजिबात करू नका. पेटी जितकी जुनी तितके तिचे लाकूड मुरते आणि आवाज गोड होतो, त्यामुळे जुन्या पेटीला नव्यापेक्षा अधिक किंमत येते. माझ्या मामांकडे जर्मन सुरांची एक पेटी होती, तिला नव्या पेटीच्या दुप्पट पैसे देणारा माणूस घरी येऊन गेला होता. तुमची पेटी पंधरा वर्षांहून जुनी आहे, तेव्हा दीर सांगतात तो आकडा मला कमीच वाटतो.

मंद्र_पंचम

वरच्या प्रतिसादातला अर्धा भाग बरोबर आहे. मूळ जर्मन सूर असलेल्या जुन्या पेट्यांना जाणकारांकडून आजही मागणी आहे. पण ती मागणी त्या सुरांना असते, वयाला नसते. 2009 सालच्या पेटीचे लाकूड मुरले असेलही, पण तेवढ्याच काळात तिच्या भात्याचे कापड आणि चामडे थकले असेल, पट्ट्यांखालचे चामडे कडक झाले असेल आणि सूर कुणीतरी दोन-तीन वेळा घासून लावले असतील. त्यामुळे वय हे किमतीचे कारण म्हणून कधीच धरू नये. वयाने पेटीचे काय झाले आहे, ते पाहावे.

मी स्वतः पेटी शिकवतो आणि विद्यार्थ्यांसाठी जुन्या पेट्या पाहायला बरीच वर्षे जात आहे. माझी पद्धत सांगतो. पावतीवरचे 16,500 विसरून जा, कारण तो आकडा आज कुणाच्याच कामाचा नाही. तुमच्या पेटीसारखीच, म्हणजे तेवढीच सप्तके, दुहेरी सूर आणि कपलर असलेली, त्याच दर्जाच्या सुरांची नवी पेटी आज किती रुपयांना मिळते, ते आधी दोन दुकानांत विचारा. ज्या दुकानातून वडिलांनी घेतली ते सुरू असेल तर उत्तमच. विचारताना सूर कुठले आहेत हे आवर्जून विचारा, कारण पालिताण्याचे चांगले सूर आणि साधे सूर यांमुळे बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. त्या किमतीत खोके धरलेले आहे की नाही, हेही विचारून ठेवा.

दुसरा भाग पेटी तपासण्याचा. तो तुम्हाला घरीच बऱ्यापैकी करता येईल. आधी सगळ्या खुंट्या बंद करा, भाता पूर्ण भरा आणि हात सोडून द्या. आतला भाता किती सेकंदांत खाली बसतो ते मोजा. मग नराची खुंटी उघडून एकच पट्टी दाबून ठेवा, पुन्हा भाता भरा आणि तो सूर किती सेकंद टिकतो ते मोजा. मी पाहिलेल्या चांगल्या पेट्यांमध्ये एका सुरावर वीस-पंचवीस सेकंद सहज निघतात. त्यानंतर प्रत्येक पट्टी सावकाश, अगदी हलक्या हवेवर वाजवून पाहा, आधी फक्त खर्जाची खुंटी उघडून आणि मग फक्त नराची. कुठला सूर उशिरा बोलतो, कुठला खरखरतो, कुठला बोलतच नाही, ते कागदावर लिहा.

तबला_सोलापूर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण किंमत ठरवण्याचाच आहे म्हणून इथेच विचारतो. माझ्याकडे तबला-डग्ग्याची जोडी आहे. तबल्याची शाई एका बाजूने उडाली आहे आणि चाट थोडी फाटली आहे. घेणारा म्हणतो की कातडेच गेले, म्हणजे वाद्यच गेले, त्यामुळे तो निम्म्याहूनही कमी किंमत देतो आहे. पेटीला लावता तोच हिशेब मला लागू होईल का?

मंद्र_पंचम

नाही, तिथे हिशेब जवळजवळ उलटा आहे. तबल्याची पुडी ही झिजणारी आणि बदलायचीच वस्तू आहे. तुमच्या तबल्याचे मोल खोडात आहे: लाकूड शिसवाचे आहे का, जड आहे का, आत तडा किंवा किडीची भोके आहेत का, तोंड गोल राहिले आहे का. डग्ग्याचे मोल धातू, त्याचे वजन आणि पोचे यांवर ठरते. तेव्हा घेणाऱ्याने नव्या पुडीचे पैसे आणि ती चढवण्याची मजुरी एवढेच वजा करावे, निम्मी किंमत नव्हे. वादी कुजली असेल तर तीही धरावी. पेटीचे सूर मात्र पुडीसारखे सहज बदलता येत नाहीत. एखादा बदलला तर तो शेजारच्या सुरांच्या आवाजात मिसळेलच असे नाही, आणि सगळे बदलले तर ती पेटीच दुसरी होते. म्हणून पेटीत सुरांची झीज हा सर्वांत महागडा दोष ठरतो.

स्वाती_कुडाळ

दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कालचा सगळा दिवस पेटीपाशी बसले. ज्या दुकानाची पावती आहे त्यांना फोन केला. तशीच पेटी आज 46,000 रुपयांना आहे, त्यात कापडी आच्छादन मिळते, मात्र लाकडी खोके वेगळे, 3,000 रुपयांना. दुसऱ्या दुकानाने 44,000 सांगितले, पण सूर कुठले हे त्यांना नीट सांगता आले नाही.

आता तपासणी. खुंट्या बंद ठेवून भाता सोडला तर तो थोड्याच वेळात बसतो. एका सुरावर अकरा सेकंद निघाले. नरातला मध्य सप्तकातला एक सूर अजिबात बोलत नाही. खर्जातले दोन सूर उशिरा उमटतात. कपलर ओढला की दोन पट्ट्यांची जोडीदार पट्टी खाली जात नाही. फोनवरच्या ट्यूनरने पाहिले तर बहुतेक सूर थोडे वर दाखवतात, साधारण सारख्याच प्रमाणात, पण तारातले तीन-चार सूर मात्र बरेच खाली आहेत. काही पट्ट्या दाबल्यावर सावकाश वर येतात. एवढे दोष पाहून माझा धीरच सुटला. मंडळाचे 12,000 घेऊन मोकळे व्हावे का?

मंद्र_पंचम

थांबा, यातले निम्मे दोष स्वस्तातले आहेत.

न बोलणारा सूर बहुतेक वेळा मेलेला नसतो. पितळी सूर आणि त्याच्या खालची खाच यांमधल्या जागेत धुळीचा कण किंवा धागा अडकला की त्याचे कंपन थांबते. पेटी उघडता येत असेल तर सुराच्या टोकाखालून पातळ, गुळगुळीत कागदाची पट्टी हलकेच सरकवून काढा. टाचणी किंवा ब्लेड मुळीच वापरू नका, कारण त्याने सूर वाकतो आणि मग खरोखरच पैसे वजा करावे लागतात.

सावकाश वर येणाऱ्या पट्ट्या हा पावसाळ्याचा परिणाम असू शकतो. कोकणात या दिवसांत लाकूड फुगते. पेटी कोरड्या खोलीत आठवडाभर ठेवून पुन्हा पाहा. सगळे सूर सारखेच वर असणे हा तर दोषच नाही, कारण पेटी स्वतःशी सुरात आहे. काळी एकच्या नर सुराची कंपने 277 च्या जवळ असायला हवीत आणि तुमच्याकडे समजा 279 दिसत असतील, तर भजनाला त्याने काही बिघडत नाही. बासरी किंवा कीबोर्डबरोबर वाजवायची असेल तरच अडचण येईल.

मला काळजी वाटते ती तारातल्या खाली गेलेल्या तीन-चार सुरांची. सूर खाली जाण्याची कारणे दोन असतात. एक म्हणजे त्याच्यावर मळ किंवा हिरवा कळंक चढला आहे. तुम्ही समुद्रापासून फार लांब नाही, त्यामुळे ते शक्य आहे. दुसरे म्हणजे मुळाशी बारीक तडा गेला आहे. पहिला साफ करून सुधारतो. दुसरा पुन्हा लावला तरी काही दिवसांत पुन्हा उतरतो आणि एक दिवस तुटतो. कारागिराकडून सुरांची फळी काढून घ्या आणि फोटो काढा. सूर चढवायचा असेल तेव्हा त्याच्या टोकाकडे घासतात आणि उतरवायचा असेल तेव्हा मुळाकडे. दोन्ही ठिकाणी खोल ओरखडे असलेला सूर बऱ्याच वेळा लावलेला आहे, पातळ झालेला आहे, असे समजावे.

रसिका_बोस्टन

मी मुद्दाम लिहिते आहे, कारण दुरुस्तीची वजावट सगळीकडे सारखी नसते. मी इथे अमेरिकेत एका कुटुंबाकडून पेटी घेतली. दोष जवळजवळ हेच होते: भाता गळत होता आणि दोन सूर खाली होते. पुण्यात मी त्याचे काही हजार रुपये वजा करून घेतली असती. इथे पेटी लावणारा माणूस मिळायला चार महिने गेले आणि त्याच्यापर्यंत ती न्यायला सहा तास गाडी चालवावी लागली. शिवाय हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसून सुरांच्या फळीला फट पडते, म्हणून इथे घेताना सगळ्यात आधी ती फळी पाहावी लागते. आता कुणी विचारले तर मी सांगते की जवळ कारागीर नसेल, तर दुरुस्तीची रक्कम दुप्पट धरून वजा करा.

स्वाती_कुडाळ

रविवारी सावंतवाडीहून एक कारागीर काका घरी आले होते. त्यांनी फळी काढली तेव्हा मी शेजारीच बसले होते. आत इतकी धूळ होती की त्यांनी आधी मऊ ब्रशने ती झाडली. न बोलणाऱ्या सुराखालून कागद सरकवल्यावर आच्छादनाच्या लाल कापडाचा एक तंतू निघाला आणि सूर लगेच खणखणीत बोलला. आई आतल्या खोलीतून बाहेर आली, कारण भैरवीची सुरुवात करताना वडिलांचे बोट नेहमी त्याच पट्टीवर जात असे.

तारातल्या चार सुरांपैकी दोन नुसते कळकलेले होते. उरलेले दोन वेगळेच निघाले: त्यांचे पितळ शेजारच्यांपेक्षा पिवळेधमक आहे आणि त्यांच्यावर इतरांवर असलेली बनवणाऱ्याची खूण नाही. काका म्हणाले की हे पूर्वी कधीतरी बदललेले आहेत. तडा कुठेच नाही. त्यांचा अंदाज असा: सगळे सूर साफ करून लावण्याचे 4,000, भात्याच्या कोपऱ्यांना नवे चामडे आणि घड्यांची दुरुस्ती 1,800, कपलर आणि काही स्प्रिंगा 900. एकूण 6,700 रुपये.

मंद्र_पंचम

आता हिशेब करता येईल. नव्या पेटीचे 46,000 धरू, कारण त्या दुकानदाराने तुमच्याच दर्जाचे सूर सांगितले आहेत. 44,000 चा आकडा मी धरणार नाही, कारण सूर माहीत नसतील तर ती तुलनाच होत नाही. सुस्थितीतली, लगेच वाजवता येईल अशी वापरलेली पेटी मी नव्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास धरतो. घेणाऱ्याला दुकानाची हमी नसते आणि तक्रार घेऊन जायला जागा नसते, त्याची ती भरपाई आहे. म्हणजे 27,600. त्यातून दुरुस्तीचे 6,700 गेले की 20,900 राहिले. दोन परके सूर कायमचे तसेच राहणार, त्याचे मी हजारभर कमी करीन. खोक्याचे मात्र हजार-दीड हजार धरा. जुने असले तरी पेटी ने-आण करणाऱ्या मंडळाला ते लागतेच. आकडा 20,000 ते 21,500 च्या दरम्यान येतो. सांगताना 22,500 सांगा आणि 20,000 च्या खाली उतरू नका.

घेणारा_मी

मी नुकतीच जुनी पेटी घेतली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. साठ टक्के हा आकडा मला विकणाऱ्याच्या सोयीचा वाटतो. माझ्यासारख्या शिकाऊ माणसाला कपलर नको असतो. माझी तुलना बिनकपलरच्या नव्या पेटीशी असते, आणि ती 30,000 च्या आत येते. मग मी तुमच्या पेटीला 20,000 का द्यावे? शिवाय लावणी करून घेतल्यावर काही आठवड्यांत पेटी पुन्हा थोडी उतरतेच. ती दुसरी लावणी कुणी धरलेली नाही.

मंद्र_पंचम

दुसऱ्या लावणीचा मुद्दा मला मान्य आहे, तो मी धरायला हवा होता. कपलरबद्दल मात्र एवढेच म्हणेन की ज्याला कपलर नको, तो या पेटीचा गिऱ्हाईकच नाही. उघड्या मांडवात शंभर माणसांसमोर वाजणाऱ्या भजनाला तो भरदार आवाज हवाच असतो. साठ टक्क्यांविषयी वाद होऊ शकतो, कारण तो माझ्या पाहण्यातला अनुभव आहे, नियम नव्हे. पन्नास टक्के धरणारी माणसेही मला भेटली आहेत.

जुनी_पेटी

माझ्या पहिल्या प्रतिसादात मी वयाचा मुद्दा जास्तच ताणला, हे वरचे वाचून लक्षात आले. मामांच्या पेटीला किंमत आली ती मूळ सुरांची होती. पण एक सुचवावेसे वाटते: स्वातीताईंनी आधी पेटी दुरुस्त करून घ्यावी आणि मग पूर्ण 27,000 ला विकावी. वाजवून पाहणाऱ्याच्या कानाला पहिल्या सुरातच ती पटेल.

मंद्र_पंचम

इथे माझे मत वेगळे आहे. भात्याचे काम जरूर करून घ्यावे, कारण गळणारा भाता पाहून माणूस घाबरतो आणि दोषापेक्षा कितीतरी जास्त किंमत पाडतो. सुरांची लावणी मात्र घेणाऱ्यावर सोडावी. गाडीतून हादरे खात पेटी दुसऱ्या गावी गेली की लावणी थोडीफार हलते. शिवाय प्रत्येक वेळी लावताना सूर घासला जातो. घेणाऱ्याने आपल्या माणसाकडून ती पुन्हा लावून घ्यायची ठरवली, तर तुम्ही 4,000 खर्च करून सुरांचे आयुष्य मात्र कमी केलेले असेल.

घेणारा_मी

मी घेताना बेसूर पेटी पाहूनच परत आलो असतो. लावलेली नसेल तर शिकाऊ माणसाला दोष लावणीचा आहे की सुरांचा, हे कळणारच नाही. निदान न लावलेल्या पेटीसोबत कारागिराचा लेखी अंदाज आणि फळीचे फोटो तरी द्यावेत.

स्वाती_कुडाळ

दोघांचे थोडे-थोडे ऐकले. भात्याचे काम 1,800 रुपयांत करून घेतले. आता एका सुरावर बावीस सेकंद निघतात. लावणी केली नाही, पण काकांकडून अंदाज कागदावर लिहून घेतला आणि दोन परक्या सुरांचे फोटो वेगळे ठेवले.

काल भजन मंडळाचे बुवा पेटी पाहायला आले. त्यांनी आधी खर्जाची एकच खुंटी उघडून मंद्रातला षड्ज बराच वेळ धरला, मग नर उघडला आणि दोन्हींमध्ये उठणाऱ्या लहरी कान लावून ऐकल्या. परके सूर मी सांगण्याआधीच त्यांनी बोटाने दाखवले. मी सगळा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. 12,000 चा आकडा पेटी न पाहता सांगितला होता, असे ते म्हणाले. गणपती जवळ आल्यामुळे त्यांना पेटी याच महिन्यात हवी आहे. खोक्यासह 21,000 ठरले आहेत, त्यातले 15,000 आता आणि उरलेले अनंत चतुर्दशी झाल्यावर.

एक गोष्ट मात्र अजून ठरलेली नाही. लावणीसाठी बुवा पेटी कोल्हापूरच्या आपल्या कारागिराकडे नेणार आहेत आणि तिथे आणखी एखादा सूर खराब निघाला तर त्याचे पैसे उरलेल्या 6,000 मधून कापावेत असे त्यांचे म्हणणे आहे. हे मान्य करणे योग्य होईल का?

मंद्र_पंचम

मी असतो तर मान्य केले असते, पण मर्यादा घालून. काकांच्या कागदावर जे दोष लिहिलेले आहेत ते किमतीत आलेच आहेत, त्यांचे पुन्हा काही कापायचे नाही. त्याबाहेर तडा गेलेला सूर निघाला तर तो सूर आणि तो बसवण्याची मजुरी, एवढेच कापावे, आणि काढलेला सूर तुम्हाला परत आणून दाखवावा. पेटी देण्याआधी बुवांच्या समोर प्रत्येक पट्टी दोन्ही खुंट्यांवर वाजवून फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा.

रसिका_बोस्टन

मी मान्य केले नसते, स्वातीताई. पेटी घराबाहेर गेली, वाटेत हादरे बसले, दुसऱ्या कारागिराने फळी काढली, मग त्यानंतर निघालेला दोष आधीचा आहे की नंतरचा हे कोण सांगणार? त्यापेक्षा आताच 500 रुपये कमी करा आणि व्यवहार पुरा करा.

स्वाती_कुडाळ

आईला विचारले. ती म्हणाली की बुवा तुझ्या बाबांसोबत साथीला बसलेले आहेत, ते सांगतील तेवढे काप. ध्वनिमुद्रण मात्र आज संध्याकाळी करून ठेवते.